सील शाबूत, पैसे गायब: हार्डवेअर वॉलेट विकत घेताना

मागच्या महिन्यात ठाण्याहून मावसभावाचा फोन आला. "दादा, ट्रेझर मिळतंय साडेतीन हजारात. सीलपॅक आहे. माणूस म्हणतो, गिफ्ट आलं होतं, वापरलंच नाही. घेऊ?" ट्रेझर म्हणजे एका कंपनीचं हार्डवेअर वॉलेट, बिटकॉइनसारख्या क्रिप्टोची गुप्त किल्ली जपणारं छोटं यंत्र. सोबत त्याने फोटोही पाठवला होता. डबा कोरा करकरीत, वर चमचमतं होलोग्राम.

मी "घेऊ नकोस" म्हटलं. त्यावर तो म्हणाला ते मात्र विचार करण्यासारखं होतं. "अरे, पण आत पैसे थोडेच आहेत? रिकामं यंत्र आहे. खराब निघालं तर साडेतीन हजार गेले."

नवीन माणसाची गल्लत होते ती इथेच. चार्जर किंवा पेन ड्राइव्ह खराब निघाला तर त्याच्या किमतीपुरतं नुकसान होतं. फसवं हार्डवेअर वॉलेट खराब निघत नाही. ते उत्तम चालतं, महिनाभर विश्वास बसू देतं, आणि नुकसान होतं ते नंतर त्यात ठेवलेल्या रकमेचं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेल्यापासून आपल्याकडे बऱ्याच जणांनी "एक्स्चेंजवर नको, आपल्याजवळ ठेवू" असं ठरवलं. ते बरोबरच आहे. पण एक्स्चेंजवरचा भरवसा काढून जाहिरातीतल्या अनोळखी माणसावर ठेवला, तर आगीतून फुफाट्यात.

वॉलेटमध्ये असतं काय

बिटकॉइन वॉलेटमध्ये नसतात, ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत असतात. वॉलेटमध्ये असतो एक मोठा गुप्त आकडा, आणि ज्याच्याकडे तो आकडा त्याचे ते पैसे. पहिल्यांदा चालू केल्यावर यंत्र हा आकडा स्वतःच यदृच्छेने तयार करतं आणि १२, २० किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या रूपात आपल्या पडद्यावर दाखवतं. यालाच सीड किंवा रिकव्हरी फ्रेज म्हणतात. यंत्र हरवलं तर दुसऱ्या यंत्रात हे शब्द भरले की पैसे परत दिसतात.

१२ शब्दांच्या सीडच्या शक्यता किती? ३४ वर ३७ शून्यं, एवढ्या. जगातले सगळे संगणक जुंपले तरी अंदाजाने ती सापडणार नाही. पण हा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे, की आकडा यंत्राने खरोखर यदृच्छेने निवडला आणि तो तुमच्याशिवाय कुणी पाहिला नाही. चोराला यंत्र फोडायची गरज नसते. आकडा निवडण्याचं काम त्याने आधीच करून ठेवलं की पुरे.

१.३३ बिटकॉइनची गोष्ट

२०२३ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने अशाच एका यंत्राची चिरफाड करून अहवाल दिला. दिसायला ते ट्रेझर मॉडेल टी होतं. जाहिरातींच्या एका लोकप्रिय साइटवरून घेतलेलं. मालकाचे १.३३ बिटकॉइन गेले, आणि ज्या वेळी गेले त्या वेळी यंत्र संगणकाला जोडलेलंही नव्हतं. व्हायरस नाही, चुकीची लिंक नाही, कुणाला ओटीपी दिलेला नाही.

डब्यावरची आणि यंत्रावरची होलोग्राम स्टिकरं जागच्या जागी, न फाटलेली. पडदा नीट, स्पर्श नीट, मेनू मुळाबरहुकूम. फरक कळला तो उघडल्यावरच. खऱ्या यंत्राचे दोन भाग अल्ट्रासाउंडने एकमेकांत वितळवून जोडलेले असतात. इथे ते भरपूर गोंद आणि दुहेरी चिकटपट्टीने जोडलेले होते. मूळ चिप STM32F427 काढून तिथे STM32F429 बसवली होती, डाग दिल्याच्या खुणा दिसत होत्या. बदललेल्या चिपमधली मेमरी वाचण्याविरुद्धचं कुलूप पूर्ण उघडं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये केलेले बदल मात्र अगदी मोजके होते. एक, फर्मवेअरवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरवर, निर्मात्याची डिजिटल सही आहे का, ही तपासणी काढून टाकली. दोन, नवीन सीड तयार करताना यदृच्छ आकड्याऐवजी आधीच ठरवलेल्या २० सीडपैकी एक द्यायची. तीन, मालकाने सीडच्या जोडीला स्वतःचा पासवर्ड, म्हणजे पासफ्रेज, लावला तर त्यातलं फक्त पहिलं अक्षर धरायचं.

हा तिसरा बदल मला सगळ्यात पाताळयंत्री वाटतो. जाणकार लोक सांगतात, सीडवर विश्वास नसेल तर लांबलचक पासफ्रेज लावा. इथे तुम्ही चाळीस अक्षरांचा लावला तरी उपयोग एकाच अक्षराचा. पासफ्रेज नसणं धरून शक्यता ६४. २० सीड गुणिले ६४ म्हणजे १,२८०. कुठे ती ३४ वर ३७ शून्यं आणि कुठे हे १,२८०! चोराने घरी बसून एवढ्या वॉलेटांवर नजर ठेवायची, बस. त्यानेही घाई केली नाही. पहिल्यांदा पैसे आल्यावर महिनाभर थांबून मग हात मारला.

त्या यंत्राचा एक पुरावा मात्र न उघडताही दिसत होता. त्याच्या बूटलोडरची, म्हणजे यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती होती 2.0.4. ट्रेझरच्या सार्वजनिक नोंदीत या आकड्यासमोर लिहिलेलं आहे की बनावट यंत्रांमुळे ही आवृत्ती वगळली, म्हणजे अशी आवृत्ती निघालीच नव्हती. पण नवीन माणूस बूटलोडरची आवृत्ती कशाला बघतोय!

आता आपल्याला सुचणाऱ्या घरगुती परीक्षा या यंत्रावर लावून पाहा. थोडे पैसे टाकून आठवडाभर वाट बघू? चोर महिनाभर थांबला. यंत्र पुसून पुन्हा सीड तयार करू, तेच शब्द आले तर पकडू? वीस सीड आहेत, तेच शब्द पुन्हा यायची शक्यता विसात एक. यंत्र कधीच नेटला जोडू नये? जोडलेलं नव्हतंच. म्हणजे यंत्र हातात आल्यानंतरच्या तपासण्या उपयोगी आहेत, पण सगळं कोडं त्यांनी सुटत नाही. ते यंत्र कुणाच्या हातांतून आलं, हाच प्रश्न उरतो. म्हणून या लेखात खरेदीला जास्त जागा दिली आहे आणि होलोग्रामला कमी.

कुठून घ्यायचं

पहिला मार्ग निर्मात्याच्या स्वतःच्या दुकानाचा. ट्रेझर प्रागची कंपनी, लेजर पॅरिसची, कोल्डकार्ड बनवणारी कॉइनकाइट टोरांटोची. पत्ता ब्राउझरच्या पट्टीत स्वतः टाइप करायचा: trezor.io, ledger.com, coldcard.com. गुगलवर नाव शोधून सगळ्यात वर येईल त्यावर क्लिक करायचं नाही, कारण वरचे निकाल बऱ्याचदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात आणि त्यांत एका अक्षराने वेगळी साइट घुसवणं ही जुनी चाल आहे.

दुसरा मार्ग अधिकृत विक्रेत्याचा. भारतात बसून मागवताना हा सोयीचा पडतो, कस्टम ड्यूटी आणि कुरिअरची कटकट वाचते. पण दिशा उलटी धरायची नाही. विक्रेत्याच्या साइटवर "ऑथराइज्ड" असा बिल्ला दिसला म्हणून तो अधिकृत ठरत नाही, बिल्ला म्हणजे एक चित्र, कुणीही चिकटवावं. निर्मात्याच्या साइटवर विक्रेत्यांची यादी असते, तिथे भारत निवडायचा आणि त्या यादीतल्याच दुव्यावरून दुकानात जायचं. नाव सारखं असून पत्ता वेगळा असेल तर तो दुसरा कुणीतरी आहे.

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या बाजारांचं काय? काही निर्मात्यांची तिथे स्वतःची दुकानं आहेत, पण ती सगळ्याच देशांत नाहीत. तिथे वस्तूचं पान एक असतं आणि विकणारे अनेक. ब्रँडच्या नावावर जायचं नाही, Sold by पुढचं नाव बघायचं, आणि ते निर्मात्याच्या यादीत आहे का हे पडताळायचं. तरीही मला तिथे एक गोष्ट खटकते. परत आलेला माल. कुणीतरी यंत्र घेतो, चार दिवसांनी "नको" म्हणून परत करतो, गोदामातला माणूस डबा ठीक दिसतो म्हणून पुन्हा रॅकवर ठेवतो. त्या चार दिवसांत काय झालं हे गोदामाला कळायचा मार्ग नाही. विक्रेता शंभर टक्के प्रामाणिक असूनही तुमच्या हातात दुसऱ्याने हाताळलेलं यंत्र पडू शकतं.

आणि सेकंडहँड, "गिफ्ट आलेलं", टेलिग्राम ग्रुपवरचं, ऑफिसातल्या मित्राच्या मित्राचं, लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यावरचं, हे सगळं बाद. गाळेवाला लबाड असतो असं माझं म्हणणं नाही. त्यालाच ठाऊक नसतं माल कुठून आला. कुणी निम्म्या किमतीत देत असेल तर उरलेली किंमत कोण भरतंय, हे विचारावं.

ऑर्डर देताना एक काळजी. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली. सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर त्या डिसेंबरात उघड झाले. यंत्रांना काही झालं नाही, पण कुणाच्या घरी असं यंत्र आहे याची यादीच बाहेर आली. म्हणून खरेदीसाठी वेगळा ईमेल वापरा, जमल्यास पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवा.

त्या यादीतल्या काहींना २०२१ मध्ये टपालाने चक्क नवीन लेजर नॅनो एक्स आलं. सोबत पत्र: तुमची माहिती फुटल्यामुळे सुरक्षेसाठी यंत्र बदलून देत आहोत. आत यूएसबीच्या टोकाला एक छोटा फ्लॅश ड्राइव्ह डाग देऊन जोडलेला होता. त्यातलं अ‍ॅप चालवलं की ते जुने २४ शब्द मागायचं. न मागवलेलं यंत्र आलं तर ते कुठल्याही कंपनीच्या नावाने येवो, जोडायचं नाही.

पार्सल आल्यावर

उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, बाहेरच्या खोक्यापासून. तक्रार करायची वेळ आली तर उपयोगी पडतो. परदेशातून मागवलं असेल तर कस्टमने बाहेरचं खोकं उघडलेलं असू शकतं, तेवढ्याने घाबरू नका. आतला डबाही उघडलेला असेल तर मात्र यंत्र जोडू नका, निर्मात्याला फोटो पाठवा.

सीलच्या बाबतीत प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे आणि ती आधी वाचून ठेवावी. ट्रेझर सेफ ३ मध्ये होलोग्राम यंत्राच्या यूएसबी तोंडावरच असतं, काढल्यावर मागे खुणा राहतात. लेजर मुद्दामच सुरक्षा-सील लावत नाही. सील नकली बनवणं सोपं आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे लेजरच्या डब्यावर भारी होलोग्राम दिसलं तर तीच शंकेची जागा! कोल्डकार्ड क्रमांक छापलेल्या पिशवीत येतं आणि तो क्रमांक कारखान्यातच यंत्राच्या आत नोंदवलेला असतो. पहिल्यांदा चालू करताना पडद्यावर दिसणारा क्रमांक पिशवीवरच्याशी जुळवायचा. तिन्हींमध्ये मला ही पद्धत सर्वांत पटते, कारण ती नुसत्या डोळ्यांवर अवलंबून नाही.

फाटलेलं सील काहीतरी सांगतं. शाबूत सील फारसं काही सांगत नाही.

आता डब्यातले कागद बघा. शब्द लिहायची कार्डं कोरी असली पाहिजेत. २०१८ च्या सुरुवातीला एका माणसाची गोष्ट गाजली होती. त्याने ईबेवरून लेजर घेतलं, डब्यात लॉटरीच्या तिकिटासारखं खरवडायचं कार्ड होतं, खाली २४ शब्द छापलेले. सूचनापत्रही व्यवस्थित छापलेलं. त्याला वाटलं अशीच पद्धत असेल. त्याची बचत गेली. डब्यातून, ईमेलमधून, विक्रेत्याकडून किंवा संगणकाच्या पडद्यावर आलेले शब्द कधीच वापरायचे नाहीत. शब्द फक्त यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर उमटतात, तेही तुम्ही "नवीन वॉलेट" निवडल्यावर.

पहिल्यांदा जोडताना

आधी अ‍ॅप. trezor.io/start किंवा ledger.com/start हे पत्ते टाइप करून तिथूनच उतरवा. अ‍ॅप स्टोअरमध्ये आहे म्हणजे खरंच असेल, यावर विसंबू नका. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरमध्ये लेजर लाइव्हच्या नावाचं बनावट अ‍ॅप शिरलं होतं आणि ते काढेपर्यंत लोकांचे पाच लाख डॉलरहून अधिक गेले. अस्सलपणाची पुढची तपासणी हे अ‍ॅपच करतं, म्हणून त्याचा क्रम यंत्राच्या आधी. अ‍ॅप बनावट असेल तर ते तुमच्या खेळण्यालाही "अस्सल" म्हणेल.

यंत्र जोडल्यावर ते कोरं आहे का बघा. नवीन यंत्र पिन तयार करायला सांगतं. आधीचा पिन मागत असेल, किंवा सोबतच्या कागदावर पिन दिलेला असेल, तर ते कुणीतरी आधी चालू केलेलं आहे. ट्रेझर कारखान्यातून फर्मवेअरशिवाय येतं आणि पहिल्या जोडणीत अ‍ॅप ते भरतं. आधीच भरलेलं आढळलं तर थांबा.

मग अस्सलपणाची तपासणी. लेजरच्या अ‍ॅपमध्ये हिचं नाव Genuine check. यंत्रात सिक्युअर एलिमेंट नावाची वेगळी चिप असते आणि कारखान्यात तिच्यात एक गुप्त किल्ली भरलेली असते. कंपनीचा सर्व्हर तिला एक यदृच्छ प्रश्न टाकतो, चिप त्या किल्लीने सही करून उत्तर देते. किल्ली बाहेर काढता येत नाही, त्यामुळे नुसती हुबेहूब नक्कल इथे अडते. ट्रेझरमध्ये ही सोय सेफ ३ पासून आली. जुन्या मॉडेल वन आणि मॉडेल टीमध्ये ही चिपच नाही, म्हणून ती मॉडेलं अनोळखी माणसाकडून घेणं दुप्पट धोक्याचं.

या तपासणीलाही मर्यादा आहे. मार्च २०२५ मध्ये लेजरच्याच संशोधकांनी ट्रेझर सेफ ३ बद्दल दाखवलं की सिक्युअर एलिमेंट अस्सल राहून शेजारच्या मुख्य चिपमधलं सॉफ्टवेअर बदलता येऊ शकतं. त्यासाठी यंत्र उघडायला, चिप सोडवायला आणि विजेच्या दाबाशी खेळायला तरबेज हात लागतो. भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर सरकारी शिक्का खरा असावा आणि तागडीखाली लोहचुंबक, तसा प्रकार. स्पर्धक कंपनीने दोष दाखवला म्हणून दुर्लक्ष करायचं कारण नाही. पण असा हल्ला करायला आधी यंत्र चोराच्या टेबलावर पोचावं लागतं, आणि निर्मात्याकडून थेट तुमच्याकडे येणाऱ्या यंत्राला तिथे जायची संधी फार कमी.

तपासणी पार पडली की सीड तयार करा, कागदावर लिहा, फोटो काढू नका. थोडी रक्कम पाठवा, पाचशे-हजाराची. मग यंत्र पूर्ण पुसा, कागदावरून शब्द पुन्हा भरा आणि तोच पत्ता, तीच शिल्लक दिसते का बघा. याने तुमचं हस्ताक्षर तपासलं जातं, यंत्राचा प्रामाणिकपणा नव्हे. तरीही करा, कारण चौदावा शब्द चुकीचा लिहिणारे लोक मी पाहिलेत.

आधीच घेऊन बसला असाल तर

जाहिरातीतून घेतलेलं यंत्र तुमच्याकडे आहे आणि त्यात पैसेही आहेत, तर नवीन यंत्र अधिकृत ठिकाणाहून मागवा आणि त्यावर नवीन सीड तयार करा. जुने शब्द नव्या यंत्रात भरून काहीच साधत नाही. गुपित फुटलं असेल तर ते शब्दांचं फुटलंय, यंत्र बदलून ते परत मिळत नाही. नव्या सीडच्या पत्त्यावर जुन्या यंत्रातून सगळी रक्कम पाठवा. नवं यंत्र यायला वेळ लागणार असेल आणि रक्कम मोठी असेल, तर तोवर ती एक्स्चेंजवर परत नेणं मला कमी धोक्याचं वाटतं. जुनं यंत्र कुणाला विकू नका.

पैसे गेलेच असतील तर १९३० वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा, यंत्र आणि डबा जसाच्या तसा ठेवा, व्यवहाराचा आयडी लिहून द्या. ब्लॉकचेनवरचा व्यवहार उलटवता येत नाही. रक्कम पुढे एखाद्या एक्स्चेंजवर गेली तर तिथे ती गोठवता येण्याची शक्यता असते. "हरवलेलं क्रिप्टो परत मिळवून देतो" म्हणत जो मेसेज करेल, तो दुसरा चोर.

मावसभावाने शेवटी यादीतल्या विक्रेत्याकडून मागवलं. साडेतीन हजाराच्या दुपटीहून जास्त पडले, त्यावरून मला दोनदा टोमणाही मारला. यंत्र आल्यावर त्याने व्हिडिओ कॉल लावला. होलोग्राम दाखवलं, कोरी कार्डं दाखवली, अ‍ॅपने फर्मवेअर भरलं, तपासणी झाली. मग उत्साहात यंत्र कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला, "आले बघ शब्द! पहिला..."

"अरे, कॉल बंद कर आधी," मी ओरडलो आणि माझ्या बाजूने मीच कापला. मग फोन करून यंत्र पुसायला लावलं, आणि दुसरे शब्द त्याने एकट्याने, दार लावून लिहिले.